वहिनींना काम रद्द झाल्याचं सांगायचं होतं

वहिनी कुणाच्या वहिनी, असं कुणी विचारलं तर ऑफिसात उत्तर मिळणार नाही. कधीकाळी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्यांना तशी हाक मारली, आणि साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी ती उचलली. आमची कंपनी इमारती बांधते, म्हणजे खरं तर बांधणाऱ्यांकडून बांधून घेते. वीजवाले, नळवाले, रंगारी, लोखंडकाम करणारे असे सगळे कॉन्ट्रॅक्टर सांभाळायचे, कामं वाटून द्यायची, भांडणं मिटवायची, हे सगळं वहिनींकडे. मी शेजारच्या टेबलावर हिशेब बघतो. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे. बिलं तपासणारा गोड स्वभावाचा निघाला तर कंपनीला टाळं लागेल.

गोड स्वभावाचा सगळा साठा आमच्याकडे एकट्या वहिनींनी अडवून ठेवला आहे. कुणाचा पोरगा नापास झाला, कुणाची सासू पडली, कुणाच्या टेम्पोचं इंजिन बसलं, सगळं त्यांना ठाऊक. फोन उचलला की आधी चौकशी, मग काम. पण याच स्वभावाचा एक तोटा आहे, आणि तो मी त्यांच्या तोंडावर पुष्कळदा सांगितला आहे. वाईट बातमी त्यांच्या तोंडून सरळ बाहेर पडतच नाही. त्यांच्या सासूबाई एक किस्सा सांगतात. शेजारीण गावाला गेली असताना तिचा पोपट वहिनींकडे होता, तो मेला. शेजारीण परत आल्यावर वहिनींनी तिला इतक्या हळुवारपणे सांगितलं की ती बाई दोन दिवस पेरू चिरून वाट बघत बसली. सासूबाई हा किस्सा सुनेसमोरच सांगतात आणि दोघी हसतात. त्या घराचं मला फार कौतुक वाटतं.

तर अशा वहिनींवर एके दिवशी काम रद्द झाल्याचं सांगायची वेळ आली.

एका शिक्षणसंस्थेसाठी आम्ही क्रीडागृह बांधत होतो. पाया झाला होता, खांब उभे राहिले होते, आता वर छत चढायचं होतं. आणि एका सकाळी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की ती संस्था दुसऱ्या मोठ्या संस्थेत विलीन झाली, त्यांच्याकडे स्वतःचं क्रीडागृह आहे, आपलं काम रद्द. साहेबांच्या मते प्रश्न सोपा होता. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या कॉन्ट्रॅक्टरना एकच ईमेल टाकायचा, त्यात ‘काही अपरिहार्य कारणास्तव काम तूर्तास स्थगित’ असं लिहायचं आणि शनिवार-रविवार फोन बंद ठेवायचा.

वहिनी उभ्याच राहिल्या. स्थगित नाही ना, मग स्थगित का लिहायचं, असं त्यांनी विचारलं. आपल्या धंद्यात काम थांबलं म्हटलं की कॉन्ट्रॅक्टर माणसं मोकळी सोडत नाही. आज उद्या सुरू होईल म्हणून बसवून ठेवतो, दुसरं काम घेत नाही. भिजत घोंगडं ठेवून आपण त्यांचं जास्त वाटोळं करू. आणि ही बातमी शुक्रवारपर्यंत झाकून राहणार नाही, ती चहाच्या टपरीवरून त्यांच्या कानावर जाईल. सगळ्यांना आजच सांगायला हवं, समोर बसवून, आणि नंतर लेखी द्यायला हवं.

“आणि साहेब, रिकाम्या हातानं मी नाही सांगणार,” त्या म्हणाल्या. “झालेल्या कामाचं काय, आणलेल्या मालाचं काय, अनामत कधी परत मिळणार, हे आधी ठरवा. मग मी सांगते.”

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण वहिनी खुर्चीत बसल्या त्या ठरल्याशिवाय उठल्या नाहीत. शेवटी ठरलं. आजवरच्या कामाचं कंपनी आणि कॉन्ट्रॅक्टर दोघांनी मिळून साइटवर मोजमाप करायचं आणि त्याप्रमाणे अंतिम बिल. या कामासाठीच घेतलेला माल दुकानदार परत घेत असेल तर परत, नाही घेतला तर पावती बघून कंपनी तो ठेवून घेणार. अनामत रक्कम कामाचा कालावधी संपेपर्यंत अडकवायची नाही, अंतिम बिलासोबतच सोडायची. आणि जेवढं काम झालं ते नीट झालं असा दाखला द्यायचा, कारण दुसरीकडे काम मागताना तोच लागतो. मी खडूस असलो तरी सांगतो, वहिनींच्या जागी मी असतो तर ईमेल टाकून मोकळा झालो असतो.

दुपारपासून एकेक जण येऊ लागला. वीजवाला आला, तो बडबड्या. वहिनींनी प्रस्तावना सुरू करताच त्यानं मध्येच विचारलं, “म्हणजे बंद? कायमचं?” वहिनींनी मान हलवली, त्यानं कपाळावर हात मारला, चार शिव्या संस्थेला दिल्या आणि मोजमापाचा दिवस ठरवून गेला. नळवाले दोघे भाऊ आले, त्यातल्या धाकट्याला वास आधीच लागला होता. रंगाऱ्याचं काम तर सुरूच व्हायचं होतं. सगळ्यात शेवटी आले छतवाले दादा.

दादांचं छोटं वर्कशॉप आहे. छताचा भार पेलणाऱ्या लोखंडी कैच्या ते बनवतात, आणि त्या बसवायच्या प्लेटा त्यांनी आमच्या खांबांवर आधीच लावून दिल्या होत्या. हे त्यांचं आजवरचं सगळ्यात मोठं काम होतं, त्यासाठी त्यांनी दोन नवे वेल्डर ठेवले होते. माणूस कमालीचा भिडस्त. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड उघडायचं नाही, बाईमाणूस बोलत असेल तर नाहीच नाही. आणि वहिनींना सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं तेही त्यांच्याचबद्दल. झालं. एक सांगताना कचरणारी आणि एक विचारताना संकोचणारा, असे दोघे समोरासमोर बसले.

मी शेजारीच होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. वहिनींनी चहा मागवला. दादांच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. मग म्हणाल्या की संस्थेत खूप उलथापालथ झाली आहे, क्रीडागृहाचं सगळंच अवघड होऊन बसलं आहे, साहेबांनाही फार वाईट वाटतंय, पण तुमचं काहीही बुडू देणार नाही, झालेलं काम मोजून घेऊ, तुम्ही काळजी करू नका. दादांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, तुम्ही आहात म्हणजे काळजी नाही असं म्हणाले आणि नमस्कार करून गेले. लेखी पत्र त्यांच्या हातात ठेवणं वहिनींना त्या घडीला फार कोरडं वाटलं, म्हणून ते उद्या पाठवायचं ठरलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, पण भांडं लपलंय हे त्या दिवशी मलाही दिसलं नाही. मला वाटलं, चला, सगळ्यांना सांगून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी यायच्या आधी ऑफिसातला फोन वाजला. दादा होते, आणि आवाज चांगला टवटवीत होता. साइटच्या फाटकातून मोठा ट्रक आत येईल का, असं ते विचारत होते. संस्थेची गडबड निस्तरेपर्यंत आपली तयारी पूर्ण असावी म्हणून आजपासून पाइप कापायला घेतोय, म्हणाले. एक गोदामवाला शेडच्या कामासाठी मागे लागला होता, त्याला दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. “त्याला आता नाही म्हणून कळवून टाकतो. दोन्ही डगरींवर हात ठेवू नये माणसानं. वहिनी एवढ्या आपल्यासाठी धडपडतायत.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी, जो वहिनींना सरळ बोलायचे धडे देत असतो, तो नुसता “जरा थांबा, वहिनी येतायत” असं पुटपुटलो. तिकडे कुणीतरी दादांना हाक मारली आणि फोन कटला.

वहिनी आल्या तेव्हा पर्स खाली ठेवायच्या आत मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कटर मशीन सुरू झालं असणार, त्यात फोन कुणाला ऐकू येतो? अख्खा पाइप दुकानदार परत घेतो किंवा दुसऱ्या कामाला लागतो. एकदा आमच्या क्रीडागृहाच्या मापानं त्याचे तुकडे झाले की ते भंगाराच्या भावानंच जायचे. आणि दुपारी गोदामवाल्याचं काम हातचं गेलं की दादांकडे काहीच उरणार नव्हतं.

“चला,” वहिनी म्हणाल्या. पत्र घेतलं, स्कूटर काढली आणि मला मागे बसवलं. मी का, असं मी विचारलं नाही. माल बघून जागेवर आकडा सांगणारं कुणीतरी लागणार होतं.

वहिनींच्या मागे स्कूटरवर बसणं हा काही सुखाचा प्रवास नाही. त्या गाडी चालवताना बोलतात आणि बोलताना मागे बघतात. पण त्या दिवशी बराच वेळ गप्प होत्या. एका सिग्नलला थांबल्यावर म्हणाल्या, “माझे वडील लेथवर होते, सांगितलंय ना तुम्हाला?”

कारखान्यात लेथ मशीन चालवायचे, एवढंच मला माहीत होतं. पुढचं त्यांनी तिथे सांगितलं. एका सकाळी वडील डबा घेऊन कामाला गेले तर फाटकाला कुलूप. कुणी काही सांगितलं नाही, पाटी नाही, माणूस नाही. बंद झालं असं कुणीच म्हटलं नाही, म्हणून वडील कित्येक महिने रोज डबा घेऊन फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. आई रोज डबा भरायची. दुसरीकडे बोलावणं आलं तेव्हा, आपला कारखाना उघडला तर काय, म्हणून गेले नाहीत. म्हणून वहिनींनी ठरवलं होतं की आपल्या हातून असं कुणाचं होऊ द्यायचं नाही, प्रत्येकाला समोर बसवून सांगायचं.

“आणि दादांच्या बाबतीत मी काय केलं? चहा पाजून घरी पाठवलं,” त्या म्हणाल्या. “वडिलांना निदान कुलूप तरी दिसत होतं.”

मला त्यांची फार दया आली. सिग्नल सुटलाय, एवढंच म्हणालो.

वर्कशॉप एका अरुंद रस्त्याच्या टोकाला आहे, टायरच्या दुकानाच्या मागे. पत्र्याचं छप्पर, काळी पडलेली जमीन, एका भिंतीला उभे करून ठेवलेले नवे कोरे पाइप. आत कटरचा असा कर्कश आवाज चालू होता की दातात कळ यावी. दादा खडूनं पाइपवर खुणा करत होते. वहिनींना बघून त्यांचा चेहरा फुलला, धावत जाऊन त्यांनी खुर्ची आणली आणि स्वतःच्या रुमालानं पुसली.

वहिनी बसल्या नाहीत. “दादा, तुम्हाला माहितीय, तुमच्याबद्दल आम्हाला किती...” दादांनी कानाला हात लावला. ऐकू येत नव्हतं. वहिनींनी पुन्हा सुरुवात केली, संस्थेच्या परिस्थितीपासून. कटर किंचाळत होता, ठिणग्या उडत होत्या, एक तुकडा खणकन खाली पडला आणि मशीनवरच्या माणसानं पुढचा पाइप सरकवला. माझा जीव टांगणीला लागला होता. वाटलं, आता आपणच ओरडावं. तेवढ्यात वहिनी वळल्या, तरातरा त्या माणसासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हाताचा पंजा वर केला. त्यानं घाबरून बटण बंद केलं.

एकदम शांत झालं. सगळे बघत होते. आता प्रस्तावनेला भरपूर जागा होती, पण वहिनींनी ती घेतली नाही.

“दादा, क्रीडागृहाचं काम रद्द झालंय,” त्या म्हणाल्या. “थांबलेलं नाही, पुढे गेलेलं नाही, रद्द झालंय. परत सुरू होणार नाही. आता एकही पाइप कापू नका, आणि गोदामवाल्याला नाही म्हणू नका.”

दादा हातातल्या खडूकडे बघत राहिले. मग म्हणाले, “काल तर तुम्ही काळजी करू नका म्हणालात.”

“म्हणाले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आडवळणानं बोलले, आणि मुख्य गोष्टच सांगितली नाही. चूक माझी आहे.”

“मग चहा कशाला पाजलात?” हे दादा बोलले, जे कधी मोठ्यानं बोलत नाहीत ते. “नवी माणसं ठेवलीत मी. मी रात्री घरी सांगितलं, सगळं ठीक आहे म्हणून.”

मला राहवेना, कंपनीची बाजू सांगावी म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. दादा बाहेर गेले. नळाखाली तोंड धुतलं, बराच वेळ पाठ करून उभे राहिले. वहिनी तशाच उभ्या होत्या. बोलून ती शांतता भरून काढायची त्यांना सवय आहे, त्या दिवशी त्यांनी ती तशीच राहू दिली. मला ते फार मोठं वाटलं.

दादा आत आले आणि म्हणाले, “आता मी काय करायचं, सांगा.”

मग वहिनींनी सांगितलं, आणि ज्या बाईला एक वाक्य सरळ बोलता येत नाही असं मी समजत होतो तिनं सगळं एका दमात सरळ सांगितलं. हे लेखी पत्र, आजच्या तारखेचं, हे घ्या. परवा सकाळी साइटवर मोजमापाला या, आमचा इंजिनिअर आणि मी असू, दोघांच्या सह्या होतील. साइटवर तुमची शिडी, वेल्डिंग मशीन, जे काही असेल त्याचा गेटपास तेव्हाच तयार मिळेल. हे अख्खे पाइप दुकानदार परत घेतोय का ते आज विचारा, नाही म्हणाला तर पावती मला पाठवा. अनामत अंतिम बिलासोबत सुटेल. कामाचा दाखला मी स्वतः आणून देईन. काहीही विचारायचं असेल तर मलाच फोन करा, दहा ठिकाणी फिरू नका.

सकाळपासून कापलेले तुकडे कोपऱ्यात पडले होते. दादांनी तिकडे बघितलं आणि नजर वळवली. वहिनी म्हणाल्या की तेही बिलात धरू, मी काल नीट सांगितलं असतं तर हे कापले गेले नसते. मग माझ्याकडे बघितलं. नियमात बसत नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी खाली वाकून तुकडे मोजायला लागलो. साहेबांपुढे त्याचं समर्थन मलाच करावं लागलं, आणि मी केलं.

“पुढचं काम निघालं तर मलाच ना?” दादांनी विचारलं.

काल असतं तर वहिनी हो म्हणाल्या असत्या. आज त्या म्हणाल्या, “ते मला माहीत नाही, दादा. निघालं तर तुम्हाला विचारतील, एवढं मी बघेन. मिळेलच असं नाही सांगत.”

दादांनी मान हलवली. आणि गंमत अशी की हे ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मला वाटतं, एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांना समजलं की ही बाई जे सांगतेय ते तसंच आहे.

त्यांनी आमच्यासमोरच गोदामवाल्याला फोन लावला. तो थोडा कुरकुरला, भाव थोडा पाडून मागितला, दादांनी भिडस्तपणा सोडून तो पाडू दिला नाही. माल कधी उतरवू, असं दादांनी विचारलं तेव्हा वहिनींनी श्वास सोडला. काम क्रीडागृहाच्या मानानं लहान होतं. पण सगळ्या माणसांना पुरेल इतकं होतं, आणि अख्खे पाइपही त्याला लागणार होते. माझा जीव भांड्यात पडला.

आता दादांना आपल्या माणसांना सांगायचं होतं. ते सगळे एव्हाना जवळ येऊन उभे होते, चेहऱ्यावरचे चष्मे कपाळावर सरकवून. अर्धंमुर्धं त्यांनी ऐकलंच होतं. दादांनी घसा खाकरला. तुम्ही सगळे मला घरच्यासारखे आहात, असं त्यांनी सुरू केलं. कसे दिवस काढले, कुणी कुणासाठी काय केलं, आजकाल धंद्यात किती चढउतार, माणसानं धीर सोडू नये. नव्या वेल्डरचा चेहरा उतरत चालला. काढून टाकतायत, असंच त्याला वाटलं असणार.

“दादा,” वहिनी हळूच म्हणाल्या, “आधी सांगा.”

दादा थांबले. “मोठं काम रद्द झालं,” ते म्हणाले. “कुणालाही काढत नाहीये. सगळ्यांना काम आहे.”

कुणी हळहळलं नाही, कुणी प्रश्नांची सरबत्ती केली नाही. सगळ्यात जुना वेल्डर, पांढऱ्या मिशांचा, हातमोजे काढत पुढे आला.

“बरं,” तो म्हणाला. “मग उद्या कुठं यायचं, तेवढं सांगा.”